प्रीसेट विकू की रिटचिंग करू? आणि रेट किती सांगू?

"मॅडम, मी टी.वाय.ला आहे, दोन वर्षं लाईटरूम-फोटोशॉप करतेय. ४० प्रीसेटचा एक पॅक बनवलाय. ओळखीच्या एका फोटोग्राफरने पोर्ट्रेट रिटच करून देशील का विचारलं, रेट विचारला आणि बिफोर-आफ्टर सॅम्पल पाठव म्हणाला. मी गोंधळलेय. रेट कसा काढू, सॅम्पल कसे दाखवू, आणि पॅक विकला जाईल का? बाबा म्हणतात हे काय करिअर आहे."

आधी रिटचिंगचं बघू, कारण दारात उभं असलेलं काम ते आहे, पॅक थांबू शकतो. आणि बाबांना पण रेटचं गणित दाखव, "मला आवडतं" यापेक्षा ते त्यांना लवकर पटेल.

रेट काढायला दुसरे किती घेतात ते बघत बसू नकोस, घड्याळ लावून बस. त्या फोटोग्राफरच्या कामासारखेच १० पोर्ट्रेट घे आणि पूर्ण कर. समज एका फोटोला २५ मिनिटं लागली, म्हणजे २५० मिनिटं. बहुतेक नवीन मुलं इथेच थांबतात आणि २५ मिनिटांचा रेट सांगून मोकळी होतात. पण फाईल डाऊनलोड करणं, त्याचं म्हणणं नीट वाचणं, मेसेजची ये-जा, एक्सपोर्ट, अपलोड यात समज अजून ५० मिनिटं गेली, आणि १० पैकी ३ फोटो "जरा डोळ्याखाली कमी कर" म्हणून परत आले, प्रत्येकी १० मिनिटं, म्हणजे आणखी ३०. झाली एकूण ३३० मिनिटं, म्हणजे फोटोमागे २५ नाही तर ३३.

आता तासाला हातात जे पडावंसं वाटतं त्याला १०० धर. ३३ मिनिटांचे झाले ५५. पण थांब, आठवड्यात ४० तास बसलीस तरी पैसे मिळणारं काम साधारण २५ तासच असेल असं धरून चाल, उरलेले सॅम्पल बनवणं, नवीन लोकांशी बोलणं, शिकणं यात जातात. त्या २५ तासांनीच ४० तास पोसायचे म्हणजे तासाचा रेट १६० झाला आणि एका फोटोचा ८८. नुसती २५ मिनिटं धरून जो आकडा आला असता तो जेमतेम ४२, म्हणजे अर्ध्याहून कमी. हाच फरक पुढे "काम खूप आहे पण उरत काही नाही" म्हणून जाणवतो. ८८ जास्त वाटला तर आकडा खाली आणू नकोस, काम कमी कर. फक्त पिंपल आणि उडालेले केस एवढाच एक हलका प्रकार ठेव, त्याचं घड्याळ वेगळं लाव, त्याचा रेट वेगळा. फुल डॉज-अँड-बर्नवाला, म्हणजे त्वचेचे बारीक भाग उजळ-गडद करत बसायचा, तो वेगळा. एक करेक्शन रेटमध्ये धरलंय, दुसऱ्यापासून चार्ज, हे पहिल्याच मेसेजमध्ये लिही.

आता सॅम्पल. फोटोग्राफर पूर्ण फोटो बघत नाही गं, तो १०० टक्के झूम करून गालावर जातो, मग कपाळ, मग केसांची कड. तो बघतो की गालावरची छिद्रं शिल्लक आहेत का. सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे चेहरा गुळगुळीत आणि मान-कान मात्र जसेच्या तसे, माणूस मास्क लावून बसल्यासारखा. फ्रिक्वेन्सी सेपरेशनमध्ये त्वचेचा पोत एका लेअरवर आणि रंग-सावली खालच्या लेअरवर असते, ती खालची लेअर जास्त ब्लर केली की नाकाच्या बाजूची सावली पुसली जाते आणि गालावर मळकट डाग पडतात, ते छोट्या साईजला दिसत नाहीत पण प्रिंटला दिसतात. म्हणून सॅम्पलमध्ये पूर्ण फोटोच्या जोडीला गालाचा १०० टक्के क्रॉप स्वतःहून दे. बरेच जण तो देत नाहीत, लपवायचं असतं म्हणून. तीळ, जुना व्रण हे माणसाचे कायमचे असतात, ते विचारल्याशिवाय काढायचे नाहीत, पिंपल चार दिवसांचा असतो, तो काढायचा. सॅम्पलमध्ये तीळ जागेवर दिसला तर अनुभवी माणूस लगेच ओळखतो की हिला काम कळतं.

बिफोर मुद्दाम बिघडवू नकोस. लोक बिफोरचं एक्सपोजर पाडतात, रंग काढून टाकतात, म्हणजे आफ्टर चमकतो, पण जो रोज रॉ फाईल उघडतो त्याला पांढरा शर्ट राखाडी दिसला की कळतंच. बिफोर म्हणजे डिफॉल्ट प्रोफाईलवर उघडलेली रॉ. दोन्हीचा क्रॉप सारखा, साईज सारखी, दोन्ही sRGB मध्ये.

अजून एक गोष्ट, जी कुणी सांगत नाही. पुष्कळ फोटोग्राफरना त्यांचा बिफोर जगासमोर आलेला नको असतो, त्यात त्यांचं शूट उघडं पडतं, शिवाय फोटोतल्या माणसाचा चेहरा असतो. त्यामुळे क्लायंटचं काम सॅम्पल म्हणून लावायचं तर फोटोग्राफर आणि फोटोतली व्यक्ती दोघांची लेखी परवानगी घे. मिळत नसेल तर स्वतः मैत्रिणींचे फोटो काढ, त्यांची परवानगी घे, ते वापर. ह्या फोटोग्राफरला म्हण की तुमचाच एक फोटो पाठवा, लहान साईजमध्ये करून दाखवते. दहा जुन्या सॅम्पलपेक्षा त्याला तेच जास्त पटेल.

पॅकबद्दल स्पष्ट सांगते, ४० जास्त आहेत. एकमेकांत फरक दिसत नसेल ते काढ, ८-१० ठेव. प्रीसेट म्हणजे स्लायडरचे आकडे, बाकी काही नाही, .xmp फाईल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली तरी सगळे वाचता येतात, म्हणजे कॉपी थांबवणं तुझ्या हातात नाही. म्हणून पोट ह्याच्यावर ठेवू नकोस. आणि "चालत नाही" अशी तक्रार का येते ते समजून घे. तू एक्सपोजर आणि व्हाईट बॅलन्स प्रीसेटमध्ये सेव्ह केलेत आणि समोरच्याचा फोटो आधीच उजळ आहे, तर तो जळणार. सेव्ह करताना ते दोन टिक काढून टाक. तुझ्या कॅमेऱ्याच्या कंपनीचं प्रोफाईल वापरलं असशील तर दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यावर ते नसतंच, मग लूक बदलतो. आणि ऑरेंज स्लायडर, त्वचेचा बराचसा रंग तिथे असतो, तिथे सॅच्युरेशन फार खाली नेलंस की सावळी त्वचा राखेसारखी दिसते.

म्हणून प्रीसेटचं सॅम्पल एकाच देखण्या फोटोवर दाखवू नकोस. तोच प्रीसेट पाच फोटोंवर लाव: दुपारचं ऊन, सावली, घरातला पिवळा बल्ब, सावळी त्वचा, गोरी त्वचा, आणि त्यातला एक फोटो जेपेग असू दे. बल्बवाल्यात बिघडला तर तसंच लिही, "पिवळ्या लाईटमध्ये आधी व्हाईट बॅलन्स नीट करा". असं लिहिल्याने एखादा घेणार नाही, पण जो घेईल तो पैसे परत मागायला येणार नाही.

किंमत कमी ठेवलीस तरी चालेल, पण दर महिन्याला सेल लावू नकोस, लोक मग सेलचीच वाट बघतात. पॅक घेणाऱ्याला रिटचिंगचे रेट पाठव, पुढचं काम तिथून येऊ शकतं.

त्या फोटोग्राफरला आज एवढंच लिही: "सर, हलक्या क्लीनअपचा आणि फुल रिटचचा रेट वेगळा आहे, दोन्ही पाठवतेय. एक करेक्शन त्यात आहे. अर्धे पैसे आधी, बाकीचे फायनल फाईल देण्याआधी. तुमचा एक फोटो पाठवा, छोट्या साईजमध्ये करून दाखवते. तीळ-व्रण ठेवायचे का ते पण सांगा."