उंचीनुसार उभं करणाऱ्यांनो, जरा ऐका

प्रश्न: आमच्या क्वायरमध्ये १८ जण आहेत. उंचीप्रमाणे उभं करायचं की पार्टप्रमाणे? आवाज एक होत नाही आणि कोणालाच दुसऱ्याचं ऐकू येत नाही.

पार्ट आधी. उंची बघायची ती पार्टच्या आत. शाळेच्या ग्रुप फोटोसारखं उभं केलंत की संपलंच.

माझी उंची पाच फूट नऊ आणि मी आल्टो. इथे नाशिकला आमच्या क्वायरमध्ये चार वर्षं मला मागच्या रांगेत अगदी टोकाला उभं केलं होतं, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला बेसवाले काका, बाकीच्या आल्टो पुढे दुसऱ्या टोकाला. काकांचा आवाज एवढा की मला माझाच सूर ऐकू यायचा नाही, मग मी कानात बोट घालून गायचे आणि नकळत जोर लावायचे, माझं ऐकून काका आणखी जोर लावायचे. सर म्हणायचे, "तुझा आवाज मिसळत नाही." चार वर्षं हेच!

एकदा डिसेंबरात प्रॅक्टिसला सरांना उशीर झाला तेव्हा आम्हीच हललो. आम्हीपण अठराच होतो, सोप्रानो ७, आल्टो ५, टेनर ३, बेस ३. पुढे डावीकडून पाच सोप्रानो आणि तीन आल्टो, मागे त्याच क्रमाने दोन उंच सोप्रानो, तीन बेस, तीन टेनर आणि टोकाला आम्ही दोघी उंच आल्टो, म्हणजे आमच्याच आल्टोंच्या मागे. रांग थोडी वाकवली, म्हणजे दोन्ही टोकांना एकमेकांचं ऐकू येतं. मागच्याचं तोंड पुढच्या दोन डोक्यांच्या फटीत आलं पाहिजे, नाहीतर आवाज पुढच्याच्या केसात जातो आणि शब्द बोथट होतात. आमचा एक टेनर बुटका, त्याला पाट दिला. बेस सोप्रानोंच्या मागे आल्यामुळे त्यांना खालचा सूर धरता आला, त्यांचं उतरणं बरंच कमी झालं. शेवटच्या बाकावर बसून ऐकणाऱ्या ताईंनी नंतर मला विचारलं, "आज तू गायलीस ना?" तेच गाणं, तोच गळा.

शेजारी कोण हे मात्र कानानेच ठरवा. एका पार्टातल्या दोघींना तीच ओळ हळू गायला लावा, दुसऱ्या कोणीतरी पंधरा फुटांवर पाठ करून ऐकायचं, मग त्यांच्या बाजू बदलून परत. ज्या जोडीत दोन आवाज वेगळे मोजता येत नाहीत ती ठेवा, मग तिसरी जोडा. दोन टोकदार आवाज शेजारी नकोत, मध्ये एक मऊ घाला. आणि खांद्याला खांदा नको, निदान वीतभर जागा ठेवा, आम्ही तर हातभर ठेवतो. कोणी कानाशी हात नेला की समजायचं, तिथे गर्दी झाली किंवा शेजारी चुकीचा निवडला.

हां, दोनच माइक असतील तर हे सगळं बदलतं, तेव्हा माइकपासूनचं अंतर आधी. आणि टेनर एकच असेल तर त्याला बेसच्या जवळच ठेवा, मागे एकटा पाडू नका.

सर अजून म्हणतात फोटोत रांग वाकडी दिसते.