डब्याचा हिशोब

परवा कॉलेजच्या कार्यक्रमात माझं बोलणं झाल्यावर तू विचारलंस, की वसतिगृहातल्या मुलांना डबे पुरवायच्या आमच्या धंद्यात नेमकं चुकलं कुठे. स्टेजवर घाईत राहिलं, म्हणून लिहितो.

आमचा डबा 70 रुपयांना होता. महिन्याचे 2,100 आगाऊ घ्यायचो. शंभर मुलं, म्हणजे एक तारखेला खात्यात 2 लाख 10 हजार! ती आमची कमाईच वाटायची. खरं तर ते मुलांचं देणं होतं, रोज एकेका डब्याने फेडायचं.

शिधा आणि स्वयंपाकाच्या मावशींचा पगार धरून डबा 54 ला पडायचा. पोचवणाऱ्या पोराचे 16 आणि हरवलेल्या डब्यांचे, गॅसचे मिळून 6. झाले 76. दर डब्याला सहा रुपये खिशातून, महिन्याला 18 हजार. पण किराणा उधारीवर होता आणि दर महिन्याला नवी गिऱ्हाईकं यायची, त्यांच्या पैशातून मागची उधारी भागायची. त्यामुळे भोक दिसलंच नाही.

एप्रिलमध्ये परीक्षा संपल्या. 80 मुलं पंधरा दिवस आधीच घरी निघाली आणि उरलेले पैसे मागू लागली. 84 हजार! खात्यात अकरा हजार होते. मी बाईक विकली, बाकीचे बाबांनी दिले. (ते अजून सुनावतात.)

तू आगाऊ पैसे घेणार असशील तर ते वेगळ्या खात्यात ठेव आणि रोज रात्री पोचलेल्या डब्यांपुरतेच बाहेर काढ. तेवढ्यात किराण्याचं बिल भागेना, तर गिऱ्हाईक वाढवू नकोस, आधी भाव बघ. मेमध्ये वसतिगृह रिकामं होतं, हे मात्र आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेव.