काढून बघ, काय बिघडतं?

अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधातला आधीच्या संशोधनाचा आढावा वाचला, सोबतचं पत्रही वाचलं. ‘पानं फार झाली, कमी करायला सांगितलंय, पण यातला प्रत्येक अभ्यास महत्त्वाचा आहे, कुठला गाळू?’ असं तू विचारलं आहेस. तो अभ्यास त्या विषयाच्या इतिहासात महत्त्वाचा असेलही. तुझ्या परिच्छेदात तो कुठलं काम करतो, एवढंच मला कळायला हवं. त्यासाठी एकच कसोटी सांगतो आणि या पत्रात तुला कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे: काढून बघ, काय बिघडतं?

तुझं तिसरं पान घेऊ. एखादा मजकूर पुन्हा वाचण्यापेक्षा न बघता आठवून पाहिला तर तो जास्त टिकतो, हे सांगायला तू पाच परिच्छेद खर्च केले आहेस. स्पिट्झर १९३९, रोडिगर व कार्पिके २००६, कार्पिके व रोडिगर २००८, मॅकडॅनियल आणि सहकारी २०११, रोलँड २०१४. प्रत्येकाची सुरुवात नावाने, मग किती विद्यार्थी होते, मग काय केलं, आणि शेवट ‘यांनाही असेच आढळले’. तुझ्या फाइलमध्ये ‘यांनाही’ आणि ‘याच धर्तीवर’ एवढं शोधून बघ. जिथे सापडेल तिथे बहुतेक कात्री लागते.

पण लगेच कापायला बसू नकोस. आधी एका कोऱ्या कागदावर पाचही अभ्यास एकाखाली एक लिही आणि प्रत्येकापुढे तीन गोष्टी मांड: काय शिकवलं, किती दिवसांनी तपासलं, आणि तुलना कशाशी केली. हा तिसरा रकाना मूळ निबंध उघडल्याशिवाय भरता येत नाही, आणि तू तो उघडला नाहीस हे मला तुझ्या वाक्यांवरून दिसतं. सारांश वाचून लिहिलेले अभ्यास एकसारखे दिसणारच.

आता रकाना भरू. २००६ च्या प्रयोगात एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने तो आठवून लिहिला. म्हणजे तुझ्या विधानाला हवी तीच तुलना. २०११ चा अभ्यास खऱ्या शाळेतल्या विज्ञानाच्या वर्गातला. तिथे धड्यातल्या काही भागावर छोट्या चाचण्या घेतल्या, काही भागावर घेतल्या नाहीत, आणि परीक्षेत चाचणी घेतलेला भाग चांगला आला. पण चाचणी न घेतलेला भाग मुलांना त्या वेळेत पुन्हा वाचायला दिला नव्हता! ‘चाचणी पुनर्वाचनापेक्षा बरी’ असं हा अभ्यास म्हणतच नाही, तू त्याच्या तोंडी घातलं आहेस. स्पिट्झरचंही तेच. सहावीच्या ३,६०५ मुलांवरचं ते काम मोठंच आहे, पण त्यात बघितलं होतं ते पहिली चाचणी किती लवकर घेतली तर किती टिकतं हे. पुन्हा वाचणारा गट तिथे नाही. आणि २००८ मध्ये स्वाहिली शब्दांच्या ४० जोड्या होत्या. प्रश्न असा होता की शब्द एकदा बरोबर आठवल्यावर पुढे तो नुसता वाचत राहायचा की आठवत राहायचं. आठवत राहणाऱ्यांना आठवड्याने सुमारे ८० टक्के शब्द आले, नुसतं वाचत राहणाऱ्यांना सुमारे ३५.

म्हणजे ‘एकच निष्कर्ष पाच वेळा’ असं तुला वाटत होतं, ते तसं नाही. तुझ्या विधानाला थेट आधार त्यातल्या दोघांचाच, २००६ चा प्रयोग आणि रोलँडचं मेटा-विश्लेषण, म्हणजे अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र मोजून काढलेला निष्कर्ष. स्पिट्झर काढून बघ. काय बिघडतं? काहीच नाही. २००८ काढून बघ. इथे काही बिघडत नाही, पण ‘सराव किती वेळा’ या तुझ्या पुढच्या भागात तो नसल्यामुळे भोक पडलं आहे. तिकडे ने.

उरलेलं मी असं लिहिलं असतं:

‘मजकूर पुन्हा वाचण्यापेक्षा न बघता आठवल्यास तो जास्त काळ लक्षात राहतो (उदा., रोडिगर व कार्पिके, २००६, मेटा-विश्लेषणासाठी रोलँड, २०१४). मात्र हा फायदा उशिरा दिसतो. २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी तपासले तेव्हा पुन्हा वाचणारेच पुढे होते (८१ टक्के विरुद्ध ७५). आठवड्याने चित्र उलटले (४२ विरुद्ध ५६). प्रत्यक्ष वर्गातही चाचणी घेतलेला भाग अधिक लक्षात राहिला (मॅकडॅनियल व इतर, २०११), पण तिथे तुलना पुनर्वाचनाशी नव्हती.’

पाच परिच्छेदांचा एक झाला, आणि त्यात तुझ्या पाचांत नसलेली एक गोष्ट आली. पाच मिनिटांनी निकाल उलटा होता, हे तू कुठेच लिहिलं नव्हतंस. ‘यांनाही’च्या रांगेत अशा गोष्टी बुजून जातात. नावं कंसात गेली आणि वाक्य निष्कर्षापासून सुरू झालं, हेही बघ.

रोलँडबद्दल एक सावधगिरी. मेटा-विश्लेषणात कुठले अभ्यास धरले ते निबंधात दिलेलं असतं. ते तपास. जो अभ्यास त्यात मोजला गेला आहे, तो त्याच्या शेजारी मांडून ‘आणखी एक पुरावा’ म्हणायचा नाही. एकच साक्षीदार दोनदा उभा केल्याने साक्षी दोन होत नाहीत. मी वर २००६ चा प्रयोग ठेवला तो वजन वाढवायला नव्हे. पाच मिनिटं आणि आठवडा यांतला फरक त्यातून उघड दिसतो, म्हणून.

आता तू म्हणशील, संदर्भ कमी झाले की परीक्षक ‘वाचन तोकडं आहे’ म्हणतात. म्हणतात, मला माहीत आहे. अशाच कारणावरून एका परीक्षकाशी मी भर तोंडी परीक्षेत वाद घातला आणि माझा विद्यार्थी मधल्या मध्ये घाम पुसत बसला. त्याला ताटकळत ठेवल्याचं मला अजून वाईट वाटतं, वाद घातल्याचं नाही. मी कात्री घेऊनच वाचतो अशी माझी ख्याती आहे, असू दे. किती वाचलं हे यादीच्या लांबीवरून ठरवणाऱ्याने यादीच वाचावी, आढावा कशाला?

हट्टी असलो तरी आंधळा नाही. दोन ठिकाणी माझी कसोटी जशीच्या तशी लावू नकोस. पद्धतशीर आढावा असेल, म्हणजे ठरलेल्या निकषांवर सापडलेला प्रत्येक अभ्यास दाखवणं बंधनकारक असेल, तर काहीही गाळता येत नाही. सगळे तक्त्यात जातात आणि मजकुरात फक्त त्यांच्यातले फरक येतात. दुसरं, पुन्हा पुन्हा तेच सापडणं हाच तुझा मुद्दा असेल, तर तसं सरळ लिही: वेगळ्या वयात, वेगळ्या मजकुरावर, वेगळ्या प्रयोगशाळांत हेच दिसलं. तेही एका वाक्यात होतं. ‘वेगळ्या प्रयोगशाळांत’ लिहिण्याआधी लेखकांची नावं मात्र बघ. तुझ्या पाचांत रोडिगर आणि कार्पिके दोनदा आहेत.

मोकळ्या झालेल्या जागेत काय घालायचं, तेही तुझ्याच आढाव्यात आहे, अगदी शेवटच्या ओळीत कोंबलेलं. व्हॅन गॉग आणि स्वेलर यांनी २०१५ मध्ये म्हटलं की मजकूर गुंतागुंतीचा असेल तर आठवण्याच्या सरावाचा हा फायदा घटतो, नाहीसाही होतो. त्याच वर्षी कार्पिके आणि ऑ यांनी त्याला उत्तर दिलं. तुझा प्रबंध गणितातल्या उदाहरणांवर आहे. म्हणजे हा वाद थेट तुझ्या दारात आहे आणि तू त्याला अर्धं वाक्य दिलंस! तो काढून बघ, अख्खं प्रकरण बिघडतं. त्याला दीड पान दे. गुंतागुंत कशाला म्हणायचं इथेच दोन्ही बाजूंचं जुळत नाही, तिथून सुरुवात कर.

तिसरं पान आणि हे दीड पान एवढंच पुढच्या आठवड्यात पाठव, बाकीचं नको. स्पिट्झर ठेवायचाच असेल तर तो काढल्याने काय बिघडतं ते समासात एका ओळीत लिही. पटलं तर राहील.