एकाच घरातले दोन कोंडे

"मॅडम, मी त रोज डोकं धुतो, तरी कोंडा जात नाई. काळा शर्ट घालायची सोय नाई. पोट्टे म्हणतात, आंघोळ करत जाय बे. कोणता शाम्पू लावू?"

दिवाळी सरली की ग्रामीण रुग्णालयातल्या माझ्या छोट्या खोलीत हे बोलणं सुरू होतं. या वेळी समोर होता अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यातला एकोणीस वर्षांचा पोरगा, पोलीस भरतीची तयारी करणारा. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

शाम्पूचं नाव मी लगेच सांगत नाही. आधी विचारते, "घरात आणखी कोणाला?"

"बहिणीलेबी हाय. मा आम्हा दोघायले रात्री तेल चोपडते."

"मग पुढच्या वेळी तिलाही घेऊन ये."

त्या दिवशी मी त्याची काळ्या पुठ्ठ्याची वही पुढे ठेवली आणि दोघांना डोकं खाजवायला लावलं. त्याच्याकडून पडले ते पिवळसर, तेलकट, जरा मोठे पापुद्रे, बोटाला चिकटणारे. तिचा होता पांढरा बारीक भुगा, फुंकर मारली की उडणारा. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. नाकाच्या दोन्ही बाजूंच्या घडीत लाली, भुवयांत खवले, कानामागेही तेच. तिचा चेहरा स्वच्छ होता, पण पायाच्या नळीवरून नख ओढलं तर पांढरी रेघ उमटली.

त्याचा होता सेबोऱ्हिक डर्माटायटिस, तिची कोरडी टाळू. नाव डॉक्टरांनी दिलं, मी नाही. पण त्यांच्याकडे पाठवताना मला अंदाज होता, आणि तो बरोबर निघाला याचं थोडं समाधान वाटलं.

त्याला मी सांगितलं ते असं. मॅलेसेझिया नावाची एक बारीक बुरशी सगळ्यांच्याच कातडीवर राहते आणि त्वचेच्या तेलावर जगते. काहींच्या त्वचेला तिचा त्रास होतो, मग लाली येते, खाज सुटते, पापुद्रे निघतात. हा रोग घाणीतून येत नाही, कंगव्यातून पसरतही नाही. रात्रभर मुरवलेलं तेल मात्र त्या बुरशीला आयतं जेवण होतं. तेल लावल्यावर खवले दबतात म्हणून दिवसभर बरं वाटतं, आणि दोन दिवसांनी दुप्पट होतात.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हंजे मी घाणेरडा नाई?"

माझ्या कामाचं सार मला त्या वाक्यात दिसतं. पोरगा रोज साबणाने डोकं घासत होता ते कोंड्यासाठी नव्हे, ठपका धुवायला. तो ठपका उतरेपर्यंत कुठलाही शाम्पू नीट लावला जात नाही, असं माझं जुनं मत आहे.

डॉक्टरांनी त्याला दोन टक्के किटोकोनाझोलचा शाम्पू लिहून दिला, आठवड्यातून दोनदा, चार आठवडे. दोन आठवड्यांनी तो कुरकुरत आला, "काईच फरक नाई." मी त्याला बसून नक्कल करायला लावली. लावला, चोळला, तांब्या ओतला. अर्ध्या मिनिटात सगळं वाहून गेलं! औषधाला टाळूवर काम करायला वेळ लागतो. मग आम्ही ठरवलं: आधी साध्या शाम्पूने तेल काढायचं, कारण खाऱ्या पाण्यात फेसच येत नाही. मग औषधाचा शाम्पू केसांना नव्हे, टाळूला लावून अंग धुवायचं, आणि साधारण पाच मिनिटांनी डोकं धुवायचं. शेवटचे दोन तांबे कॅनच्या पाण्याचे. महिन्यानं नाकाजवळची लालीही कमी झाली होती. पण हा त्रास परत डोकावतो, म्हणून बरं वाटल्यावरही एक-दोन आठवड्यांतून एकदा तोच शाम्पू लावायचा. मेडिकलवरून स्वतःच आणलेली मिश्र मलमं मात्र चेहऱ्याला नकोत; त्यांत बहुधा स्टेरॉइड असतं आणि कातडी पातळ होते.

बहिणीचं उलटं. भावाची बाटली तिला देऊ नये. औषधी शाम्पूने कोरडी टाळू आणखी ओढली जाते. ती थंडीत कढत पाण्याने, साबणाने रोज डोकं धुवायची. ते आठवड्यातून दोनदा केलं, कोमट पाणी आणि सौम्य शाम्पू. धुण्याआधी तासभर खोबरेल तेल तिला चालतं. तीन आठवड्यांत भुगा जवळजवळ थांबला.

दोन्हींत न बसणारंही काही असतं. जाड चंदेरी खपल्या केसांच्या रेषेबाहेर आल्या, लहान मुलाच्या डोक्यावर केस तुटून चट्टा पडला, किंवा पाणी सुटलं, तर शाम्पूचे प्रयोग न करता डॉक्टर गाठावा.

शेवटच्या भेटीला आई आली होती. सगळं ऐकून म्हणाली, "मंग मॅडम, एका घरात दोन शिश्या ठेवू काय?"

"ठेवा काकू. आणि तेलाची वाटी फक्त पोरीकडे."