कंप्रेसर ट्रिपची हँडओव्हर नोट

रात्री कंप्रेसरची मोटर मधूनच ट्रिप होते, सकाळच्या शिफ्टला नोटमध्ये काय लिहू?

ट्रिपची वेळ, त्या वेळचं लोड आणि तिन्ही फेजचं रीडिंग आधी लिहा, संशय वेगळ्या ओळीत. आमच्याकडे १० एचपी डीओएल मोटरला असंच झालेलं तेव्हा ही नोट दिलेली:

- रात्री २:१० आणि ४:३५ ला ओव्हरलोड रिले ट्रिप, दोन्ही वेळा ४० मिनिटं फुल लोडवर चालल्यावर. सेटिंग १५ अँपिअर.
- करंट आर १४.७, वाय १३.८, बी १४.६. इनकमरला व्होल्टेज सारखं, ४१५ च्या आसपास.
- चालू असताना काँटॅक्टरच्या वाय पोलवर ३ व्होल्ट ड्रॉप, बाकी दोनवर जवळपास शून्य.
- संशय: वाय काँटॅक्ट जळलाय. सेटिंग वाढवलं नाही.

करंट सेटिंगच्या आतच, पण खराब पोल तापला की खालीच लावलेला रिले पण तापतो आणि लवकर उडतो, म्हणून थंड झाल्यावर पुन्हा नीट चालतं. फक्त तिन्ही फेज सारखेच वाढलेले दिसले तर काँटॅक्टरमागे लागू नका, अनलोडर नाहीतर एनआरव्ही बघायला सांगा.