चार लाखांची ठेव आणि पन्नास पिशव्या

प्रश्न: मखमलाबादला आमची सहा गुंठे जागा आहे, त्यात स्लॅबची एक रिकामी खोली. एक कंपनी ४ लाखांत पत्र्याची शेड, स्पॉन म्हणजे मशरूमचं बियाणं, आणि प्रशिक्षण देते, वाळवलेला माल परत घेण्याचा करारही करते. माझ्या नावावर ४ लाखांची मुदत ठेव आहे, ७ टक्क्यांनी. ती मोडून धिंगरी मशरूम सुरू करू का?

ताई, ठेव आत्ता मोडू नका. आधी त्याच खोलीत काड आणि स्पॉन भरलेल्या ५० पिशव्या लावून बघा. या धंद्यात कमाई शेडमधून होत नाही, पिशवीतून होते. आणि पिशवीचं भवितव्य पहिल्या तीन आठवड्यांत ठरतं.

हिशेब मांडते. भाव मी धरलेले आहेत, तुम्हाला मिळतील ते घालून पुन्हा करा. एका पिशवीत १ किलो सुकं काड. काड, स्पॉन, पिशवी, जळण आणि तुमची स्वतःची मजुरी धरून खर्च ४५ रुपये. चांगल्या पिशवीतून सगळे तोडे मिळून ६०० ग्रॅम ताजं मशरूम, आणि हातात पडणारा भाव किलोला १२० रुपये. पन्नासच्या पन्नास पिशव्या साधल्या तर ३० किलो माल, ३,६०० रुपये. खर्च २,२५० वजा जाता १,३५० उरतात. दहा टक्के पिशव्या सडल्या की ९९० उरतात. वीस टक्के सडल्या आणि उरलेल्या मालातला पाचवा हिस्सा विकलाच गेला नाही, तर हातात फक्त ५४ रुपये राहतात.

आता यावर चार लाखांची शेड चढवा. ठेवीचं बुडालेलं व्याज वर्षाला २८,००० आणि शेड दहा वर्षं टिकेल असं धरलं तर झीज ४०,०००. म्हणजे नफ्याचा पहिला रुपया दिसण्याआधी ६८,००० निघायला हवेत. दहा टक्के नुकसान धरलं तर एका पिशवीमागे साधारण २० रुपये सुटतात, म्हणजे वर्षाला ३,४०० पिशव्या लागतील. धिंगरीला २० ते २८ अंश तापमान मानवतं. आपल्याकडे मार्च ते मे पत्र्याखाली ते टिकत नाही, तेव्हा नऊच महिने धरा. त्यात पिशव्यांच्या पाच फेऱ्या बसतात. दर फेरीला जवळजवळ ७०० पिशव्या, आणि रोज सुमारे सात किलो ताजा माल विकायचा. एवढं गिऱ्हाईक तुमच्याकडे आहे का, हे कंपनीच्या माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं.

म्हणून सगळं लक्ष त्या सडण्याच्या टक्क्यावर द्या. त्याची सुरुवात काडापासून होते. गव्हाचं किंवा सोयाबीनचं काड चालतं; इगतपुरी-त्र्यंबककडून भाताचा पेंढाही मिळतो. कोणतंही घ्या, पण याच हंगामातलं, पिवळं, पावसात न भिजलेलं. कुबट वास आला तर फुकट मिळालं तरी नको. दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करून रात्रभर पाण्यात भिजवा. सकाळी निथळून गरम पाण्यात बुडवा आणि पाणी ७० ते ८० अंशांवर तासभर ठेवा. थर्मामीटर घ्या, अंदाजावर जाऊ नका. यात काड पूर्ण निर्जंतुक होत नाही. धिंगरीशी स्पर्धा करणाऱ्या बुरश्या मात्र बऱ्याच मरतात आणि आपल्या बुरशीला आघाडी मिळते. २०० लिटरच्या ड्रममध्ये एका वेळी दहा-बारा किलोच सुकं काड नीट बुडतं. म्हणून दर आठवड्याला दहा पिशव्या, असे पाच आठवडे करा. माल एकदम अंगावर येणार नाही.

ड्रमबाबत एक गोष्ट कळकळीनं सांगते. द्राक्षाच्या फवारणीचा ड्रम किंवा बादली यासाठी कधीही वापरू नका. बागेत आपण बुरशीनाशक मारतो, आणि इथे आपलं पीकच बुरशी आहे. खोलीची खिडकी शेजारच्या बागेकडे उघडत असेल तर फवारणीच्या वेळी ती बंद ठेवा.

काड स्वच्छ ताडपत्रीवर सावलीत गार होऊ द्या. मूठ घट्ट दाबल्यावर तळहात ओला व्हावा, जेमतेम एक-दोन थेंब पडावेत. पाण्याची धार लागली तर पिशवीच्या तळाशी पाणी साचून आंबट वास सुटतो. काड गरम असताना स्पॉन घातलं तर ते मरतं. एका पिशवीतलं ओलं काड सुमारे ३ किलो भरतं. त्याला दोन टक्के, म्हणजे ६० ग्रॅम स्पॉन. थरावर थर देऊन काड दाबून भरा, तोंड बांधा, वीसेक छिद्रं पाडा. स्पॉन ताजं आणि पांढरंशुभ्र हवं. हिरवट किंवा काळे दाणे दिसले तर बाटली परत करा. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबीचा संशोधन प्रकल्प आहे, तिथे स्पॉन आणि प्रशिक्षणाची चौकशी करा.

पुढचे १५ ते २० दिवस स्पॉन पसरण्याचे. खोली अंधारी, २४ ते २८ अंश, पाणी अजिबात मारायचं नाही. पिशवीच्या आतलं तापमान खोलीपेक्षा काही अंशांनी जास्त असतं, म्हणून पिशव्या एकमेकींना चिकटवून रचू नका. थंडीत रात्री पारा दहाच्या खाली उतरला की वाढ रेंगाळते, त्यामुळे पहिला प्रयोग गणपतीनंतर सुरू केलेला बरा. पांढरं जाळं सगळीकडे सारखं पसरलं की पिशवी तयार. हिरवा ठिपका दिसला तर ती त्याच दिवशी, तिथे न उघडता, खोलीबाहेर न्या आणि लांब पुरा. उघडलीत तर त्या हिरव्या बुरशीची बीजं सगळ्या खोलीत उडतील. एका आठवड्याच्या दहापैकी बहुतेक पिशव्या हिरव्या पडल्या तर चूक काड गरम पाण्यात ठेवण्यात किंवा स्पॉनमध्ये शोधा. इकडेतिकडे एखादीच बिघडली तर हात, छिद्रं, माश्या तपासा.

स्वच्छतेचा खर्च थोडाच आहे. दार-खिडक्यांना बारीक जाळी, दारात चुन्याची पावडर, स्पॉन भरताना साबणाने धुतलेले हात, आणि काड भरण्याची जागा वाढीच्या खोलीपासून वेगळी. आधी नव्या पिशव्यांकडे जा, मग जुन्या. उलट क्रमाने गेलात तर जुन्यांतला संसर्ग नव्यांत नेता.

पिशव्या पांढऱ्या झाल्या की प्लास्टिक कापा, हलकं पाणी फवारून खोलीच्या हवेतला ओलावा ८० ते ९० टक्के ठेवा आणि हवा खेळती करा. आठवडाभरात पहिला तोडा येतो. देठ लांब आणि छत्र्या बारीक आल्या तर हवा कमी पडतेय. तोडणीच्या वेळी मास्क लावा. धिंगरीच्या बीजांनी काहींना खोकला, दम लागतो. घरात कुणाला दमा असेल तर हे आधी डॉक्टरांना विचारा.

आता करार. ताजी धिंगरी बाहेर एखादा दिवस टिकते, फ्रिजमध्ये तीन-चार दिवस. म्हणून कंपनी वाळवलेला माल मागते. १० किलो ताज्यातून साधारण १ किलो सुका होतो. म्हणजे १२० रुपयांच्या ताज्या भावाशी नुसती बरोबरी करायलाही सुक्याला किलोला १,२०० मिळायला हवेत, वाळवण्याची मेहनत वेगळी. करारात भाव आकड्यात लिहिलाय का, प्रत नापास ठरवायचा अधिकार कुणाचा, आणि स्पॉन त्यांच्याकडूनच घ्यायची सक्ती आहे का, हे वाचा. सक्ती असेल आणि भाव लिहिलेला नसेल, तर कंपनी कमावते ती तुम्हाला माल विकून. तुमचा माल विकला गेला काय, न गेला काय, तिला फरक पडत नाही.

प्रयोगाला ड्रम, थर्मामीटर, जाळी, मांडणी धरून १५,००० पुरावेत. ते बचत खात्यातून काढा. प्रत्येक पिशवीवर तारीख आणि स्पॉनची खेप लिहा, तोड्याचं वजन वहीत टाका, विकलेलं आणि उरलेलं वेगवेगळं लिहा. पाचही आठवड्यांच्या पिशव्यांत नुकसान दहा टक्क्यांच्या आत राहिलं आणि माल घरापासून जवळच्या गिऱ्हाइकांनीच उचलला, तर त्याच खोलीत २०० पिशव्यांपर्यंत जा. तेव्हा पैसे कमी पडले तर ठेव मोडण्याऐवजी तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या. बँका साधारणपणे ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त घेतात, आणि व्याज फक्त वापरलेल्या रकमेवर लागतं.