आई-पप्पांना खरं कसं लिहू?

ताई, मी कराडची. ऑक्टोबरपासून जर्मनीत ड्रेस्डेनला मेकॅनिकलचं मास्टर्स करतेय. पप्पांनी त्यासाठी कर्ज काढलंय. कराडला रात्रीचे नऊ वाजले की रोज आईचा फोन येतो. मी ‘मजेत आहे’ म्हणते आणि फोन ठेवला की रडत बसते. अभ्यास चाललाय, तब्येत बरी आहे, पण घरची फार आठवण येते. रविवार तर नकोसा होतो. परवा आईने विचारलं, “आवाज असा का येतोय?” मी सर्दी झालीय म्हणाले. तेव्हापासून ती रोज काढा घेतलास का विचारते आणि मला आणखीच वाईट वाटतं. मला खोटं बोलायचं नाहीये. दोनदा पत्र लिहायला बसले. पहिलं चार ओळींचं झालं, सगळं छान छान. दुसरं पाच पानी, ते वाचून पप्पा मिळेल त्या विमानाने निघतील. त्यांना बीपी आहे. फक्त आईला सांगू का? काय लिहू?
– कराडची मुलगी, नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा

प्रिय मुली,

ते पाच पानी पत्र फाडू नकोस आणि पाठवूही नकोस. जे पत्र पाठवायचं आहे ते त्याच्यातूनच निघणार आहे. ते पुन्हा वाच आणि ज्या वाक्यांत वार, वेळ किंवा जागा आहे त्यांच्याखाली रेघ ओढ. ‘मला इथे करमतच नाही’ हे वाक्य सोडून दे. ‘रविवारी दुपारी होस्टेलच्या किचनमध्ये कुणी नसतं तेव्हा रडू येतं’ हे घे. पहिलं वाक्य वाचलं की आईच्या डोळ्यांसमोर चोवीस तास रडणारी लेक उभी राहते. दुसऱ्यात तिला दिसतं की रडू कधी येतं आणि कधी येत नाही. दोन्ही वाक्यं खरीच आहेत, पण दुसरं जास्त खरं आहे.

आईबाप लेकीच्या आठवणीला घाबरत नाहीत. आठवण येणारच, हे तुला स्टेशनवर किंवा विमानतळावर सोडलं तेव्हाच त्यांना ठाऊक होतं. त्यांना धास्ती असते ती तू सांगत नाहीस त्याची. आवाज बसलेला ऐकला की आईचं मन चार ठिकाणी धावतं: पोरगी आजारी आहे का, पैसे संपलेत का, नापास झाली का, कुणी त्रास देतंय का. तू ‘काळजी करू नका’ लिहिलंस तर या चारांपैकी एकाचंही उत्तर तिला मिळत नाही, म्हणून ती चारही काळज्या करत बसते. पत्राच्या अगदी सुरुवातीला ही चार उत्तरं दे, तीही तपशिलाने. पैशांचं उदाहरण घे. व्हिसासाठी तू तिथल्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये रक्कम भरली असशील, तर सध्याच्या नियमाने वर्षाचे 11,904 यूरो आधीच जमा आहेत आणि त्यातले महिन्याला 992 तुझ्या हातात येतात. पप्पांनी फॉर्म भरताना हे वाचलंय, पण महिन्याचं भाडं, विमा आणि किराणा त्यात बसतो की नाही हे त्यांना फक्त तूच सांगू शकतेस. बसत असेल तर तसं लिही. ओढाताण होत असेल तर किती कमी पडतात तेही लिही. आकडा कळला की बाप हिशेब मांडतो. आकडा नसला की रात्रभर छताकडे बघत पडतो.

पप्पांना वगळू नकोस. फक्त आईला सांगितलंस तर तुझ्यावरचं ओझं तिच्या डोक्यावर जाईल, आणि तिला ते घरात वावरताना, जेवायला वाढताना त्यांच्यापासून लपवावं लागेल. ते त्यांना कळणारच. बीपीच्या माणसाला लेक रडते या बातमीपेक्षा घरात आपल्यापासून काहीतरी लपवलं जातंय, हे जास्त छळतं. पत्राच्या वर दोघांची नावं घाल.

आता मजकूर. मी मसुदा देते. जिथे माझा अंदाज आहे तिथे तुझं जे खरं असेल ते घाल.

“आई-पप्पा, एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिलीय. आधी हे वाचा: मी आजारी नाही, कुणी त्रास देत नाही, लेक्चर एकही बुडवलेलं नाही, पैसे पुरतात, आणि मला शिक्षण सोडून यायचं नाही.

आई, त्या दिवशी मला सर्दी नव्हती. फोनच्या आधी मी रडले होते. तू काढ्याचं विचारतेस तेव्हा खोटं बोलल्याचं वाईट वाटतं, म्हणून लिहितेय. मला घरची खूप आठवण येते. सोमवार ते शुक्रवार दिवस निघून जातो, अंधार पडताना तासभर जड जातं. रविवारी इथे दुकानं बंद असतात, रस्त्यावर माणूस दिसत नाही, तेव्हा दुपारपासून फार एकटं वाटतं. गेल्या रविवारी खूप रडले. मग वरणभात लावला, जेवले, लवकर झोपले. सोमवारी सकाळी साडेसातच्या लेक्चरला वेळेवर हजर होते.

यावर मी काय करतेय तेही सांगते. रविवारी दुपारी आता मी खोलीत बसत नाही. मजल्यावरच्या मुलीबरोबर चालायला जाते, नाहीतर तिच्याबरोबर स्वयंपाक करते. पुढच्या महिनाभरात काही बदल होतो का बघणार आहे आणि तुम्हाला कळवणार आहे.

तुमच्याकडून मला एकच हवंय. फोनवर मी रडले तर मला रडू द्या. लगेच ‘ये निघून’ म्हणू नका आणि तिकीटही बघू नका. घरात काय चाललंय ते सांगत राहा.”

रडण्याच्या पुढचं वाक्य वरणभाताचं आहे, तिकडे लक्ष दे. ‘रडले’ एवढ्यावर परिच्छेद संपवला तर आई तुला तिथेच खिडकीशी बसलेली बघत राहील. त्यानंतर तू जेवलीस, झोपलीस, उठून गेलीस, हे त्याच दमात लिहायचं. मात्र खरं असेल तरच. जेवली नसशील तर वरणभात लिहू नकोस.

शेवटची मागणीही काढून टाकू नकोस. काय हवंय हे तू सांगितलं नाहीस तर दोघं आपापल्या परीने उपाय शोधतील. आई म्हणेल परत ये, पप्पा पैसे पाठवतील किंवा आपण कसे दिवस काढले ते सांगतील. ‘नाहीच जमलं तर सरळ निघून ये’ हे वचन मायेने दिलं जातं, पण त्याने फार नुकसान होतं. मग प्रत्येक वाईट रविवारी तू राहू की जाऊ यावर विचार करत बसशील आणि तिथे रुजायचं राहूनच जाईल.

आईच्या फोनची वेळ तू सहज लिहून गेलीस, ती मला फार महत्त्वाची वाटते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी जर्मनीतली घड्याळं एक तास मागे गेली. तोवर आपल्यात आणि तुमच्यात साडेतीन तासांचा फरक होता, आता साडेचार तासांचा आहे. आईचा नऊचा फोन पूर्वी तुझ्याकडे साडेपाचला वाजायचा, आता साडेचारला वाजतो. ड्रेस्डेनला या दिवसांत चारच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे अंधार पडतो, तू दमून खोलीत शिरतेस आणि नेमका तेव्हाच घरचा आवाज कानावर येतो. घरात जेवणं आटोपलेली, टीव्ही चालू, सगळे एका खोलीत. फोन ठेवल्यावर तुझ्यापुढे अख्खी संध्याकाळ रिकामी. त्या वेळेला कुणालाही रडू आलं असतं. फोनची वेळ बदल. तुझ्या सकाळी नऊला कराडात दुपारचा दीड वाजलेला असतो, आई जेवून जरा टेकलेली असते. शनिवार-रविवारी तेव्हा निवांत बोला, आणि फोननंतर घराबाहेर पडायचं काहीतरी ठरलेलं असू दे. इतर दिवशी दोन-चार ओळींचा मेसेज पुरे, पण त्यात ‘मजेत’ लिहू नकोस. आज काय खाल्लंस, काय अडलं, कोण भेटलं ते लिही.

हीच वेळ पत्र पाठवतानाही सांभाळ. तू रात्री अकराला पाठवलंस तर आपल्याकडे पहाटेचे साडेतीन झालेले असतात. पप्पांना जाग येईल, ते अर्धवट झोपेत वाचतील आणि तू झोपली असशील म्हणून फोनही करणार नाहीत. ते तास फार वाईट जातात. रात्री लिही, सकाळी वाचून बघ, शनिवारी सकाळी पाठव आणि तासाभराने स्वतःहून फोन कर. व्हॉइस मेसेज करू नकोस, आवाज भरून आला की शब्द कुणी ऐकत नाही. हाताने लिहून पानांचे फोटो पाठवलेस तर उत्तम. तुझं सरळ, न थरथरलेलं अक्षर बघूनच आईला निम्मं कळेल.

हे सगळं मी घरच्या आठवणीसाठी सांगतेय. ती लाटेसारखी येते, ओसरते, आणि मधल्या वेळात माणूस हसतो, जेवतो, अभ्यास करतो. तुझ्या पत्रावरून तुझं तसंच दिसतंय. पण सलग दोन आठवडे झोप उडाली, अन्न जाईना, लेक्चरला उठवेना, आवडतं काहीच नकोसं झालं, तर ती नुसती आठवण राहिलेली नाही. तुमच्याकडे विद्यार्थ्यांची होस्टेलं आणि मेन्झा म्हणजे कॅन्टीन चालवणारी श्टुडेंटनवेर्क ही संस्था आहे. तिथे समुपदेशक असतात. त्यांची वेळ घे आणि ती घेतल्यावर घरी कळव: त्रास असा आहे आणि अमुक दिवशी मी दाखवायला जातेय. जगणंच नको असा विचार आला तर पत्राची, वेळेची वाट न बघता 112 ला फोन कर, शेजारच्या खोलीचं दार ठोठाव आणि घरी कितीही वाजले असले तरी उठव.

डिसेंबरचा शेवट लक्षात ठेव. नाताळात तुझे जर्मन शेजारी आपापल्या घरी जातील, मजला रिकामा होईल, 25 आणि 26 तारखेला दुकानंही बंद असतील. हे आधी ठाऊक नसलं की पहिल्या वर्षी मुलं फार खचतात. होस्टेलवर मागे कोण राहणार आहे ते आत्ताच विचार, त्यांच्यासोबत एक दिवसाचं जेवण ठरव, 24 च्या आत कणीक, डाळ, भाज्या भरून ठेव. ठरलं की पत्राच्या शेवटी तेही लिही: कोण कोण आहात आणि काय करणार आहात. त्या आठवड्यात पुरणपोळीची कृती विचारायला आईला फोन कर आणि व्हिडिओ चालू ठेव.

तुझी ताई